दहा नियमांतले सात

2003 मध्ये भारतीय रेल्वेच्या नकाशाची मोठी फेरमांडणी झाली. भोपाळ आणि जबलपूर हे दोन विभाग मध्य रेल्वेतून निघाले आणि जबलपूरला मुख्यालय असलेल्या नव्या पश्चिम मध्य रेल्वेत गेले. रूळ हलले नाहीत, स्थानकेही जागची हलली नाहीत. बदल झाला तो एवढाच, की या दोन विभागांचा झोन दुसरा झाला.

कागदावर हे दोन ओळींचे काम आहे. पण समजा एखाद्या संगणकावर गाड्यांच्या थांब्यांचा एक मोठा तक्ता आहे आणि त्यात प्रत्येक गाडीच्या प्रत्येक थांब्यासमोर त्या स्थानकाचा झोनही लिहून ठेवला आहे. इटारसी हे भोपाळ विभागातले मोठे जंक्शन. तिथे थांबणारी प्रत्येक गाडी म्हणजे तक्त्यातली एक ओळ, आणि अशा प्रत्येक ओळीत झोन बदलावा लागणार. दोन-चार ओळी नजरेतून सुटल्या, तर एकच इटारसी एका गाडीपुरते मध्य रेल्वेत आणि दुसऱ्या गाडीपुरते पश्चिम मध्य रेल्वेत दिसू लागेल. त्यातले खरे कोणते, हे तक्त्याला विचारून कळणार नाही.

हा घोटाळा तक्त्याच्या रचनेतच दडलेला असतो. तो आधीच ओळखायचा तर माहितीतली कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवरून ठरते, हे नियमांच्या रूपात लिहावे लागते आणि मग त्या यादीतले फालतू नियम काढून टाकावे लागतात. गाळून उरलेल्या यादीला डेटाबेसच्या शास्त्रात मिनिमल कव्हर म्हणतात. ते काढण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. ती कागद-पेन्सिलीने करता येते आणि नेमक्या कोणत्या ठिकाणी चुकते हेही सांगता येते.

एकावरून दुसरे ठरते तेव्हा

गाडी क्रमांक 12123 म्हटले की गाडी ठरली: मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन. या क्रमांकाला दुसरे नाव असू शकत नाही. म्हणजे गाडी क्रमांकावरून गाडीचे नाव ठरते. अशा संबंधाला फंक्शनल डिपेन्डन्सी म्हणतात. मराठीत त्याला अवलंबन म्हणता येईल. तो बाणाने दाखवतात: डावीकडे जे माहीत आहे ते, उजवीकडे त्यावरून जे ठरते ते.

बाण उलटा फिरवला तर तो खरा राहीलच असे नाही. ‘डेक्कन क्वीन’ एवढ्या नावावरून क्रमांक ठरत नाही, कारण पुण्याहून मुंबईला येणारी डेक्कन क्वीन 12124 आहे. स्थानकांचेही तसेच. DR हा कोड म्हणजे मध्य रेल्वेचे दादर आणि DDR म्हणजे पश्चिम रेल्वेचे दादर. कोडवरून नाव ठरते, पण प्रवाशाच्या तोंडच्या ‘दादर’वरून कोड ठरत नाही.

आता थांब्यांच्या तक्त्यात आठ रकाने आहेत असे धरू: गाडीचा क्रमांक, गाडीचे नाव, स्थानकाचा कोड, स्थानकाचे नाव, रेल्वेचा विभाग, झोन, मार्गावरचा थांब्याचा क्रम (पहिला, दुसरा, तिसरा असा) आणि सुटण्याची वेळ. या कामात वेगवेगळी माणसे आपापल्या बाजूने नियम सांगतात. वेळापत्रक बघणाऱ्याचे नियम वेगळे, प्रशासन बघणाऱ्याचे वेगळे. सगळ्यांचे नियम एकत्र केले की यादी अशी दिसते:

```
गाडी → गाडीनाव
कोड → स्थानक, विभाग, झोन
विभाग → झोन
गाडी, कोड → स्थानक, क्रम, वेळ
गाडी, क्रम → कोड, वेळ
```

यातल्या ‘गाडी’चा अर्थ गाडी क्रमांक आणि ‘स्थानक’चा अर्थ स्थानकाचे नाव. शेवटच्या दोन ओळींमागे दोन गृहीतके आहेत, ती उघड सांगायला हवीत. एक, गाडीचे वेळापत्रक रोज तेच असते. दोन, एक गाडी एका फेरीत एका स्थानकावर एकदाच थांबते. दुसरे गृहीतक पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

या यादीत खोटे काहीच नाही. प्रत्येक नियम आपल्या जागी बरोबर आहे. तरी त्यात पुनरुक्ती आहे, कारण काही नियम इतरांच्या पोटात आधीच आलेले आहेत. कोडवरून विभाग ठरतो आणि विभागावरून झोन ठरतो, मग कोडवरून झोन ठरतो हे वेगळे सांगायची गरज उरत नाही. इथे हे डोळ्यांना दिसते. यादी मोठी झाली की दिसत नाही, म्हणून हमखास चालणारी रीत लागते.

क्लोजर: सगळ्या पायऱ्यांचे एकच हत्यार

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले. अवलंबनाची कल्पना त्याच मांडणीच्या पुढच्या विस्तारात आली. 1974 मध्ये विल्यम आर्मस्ट्राँग यांनी दाखवून दिले, की दिलेल्या अवलंबनांतून जी जी नवी अवलंबने निघू शकतात ती सगळी फक्त तीन मूळ नियमांनी काढता येतात. प्रत्यक्ष काम करताना मात्र ते तीन नियम हाताशी घेऊन बसावे लागत नाही. त्यांच्या जागी क्लोजर नावाची एक सोपी रीत वापरतात.

क्लोजर म्हणजे हा प्रश्न: मला एवढे माहीत असेल, तर या नियमांच्या आधाराने आणखी काय काय कळेल? माहीत असलेल्या रकान्यांची एक टोपली घ्यायची. यादीतला असा नियम शोधायचा, ज्याची डावी बाजू पूर्णपणे टोपलीत आहे. त्याची उजवी बाजू टोपलीत टाकायची. टोपलीत नवे काही पडेनासे होईपर्यंत हे चालू ठेवायचे.

उदाहरणार्थ, फक्त ‘कोड’पासून सुरुवात करू. दुसऱ्या नियमाने स्थानक, विभाग आणि झोन टोपलीत आले. ‘विभाग → झोन’ लागू पडतो, पण झोन आधीच आला आहे. बाकीच्या नियमांना ‘गाडी’ लागते आणि ती टोपलीत नाही. म्हणून कोडचे क्लोजर झाले कोड, स्थानक, विभाग, झोन. आता ‘गाडी’ आणि ‘क्रम’ घेऊन बघा. गाडीवरून गाडीनाव, दोघांवरून कोड आणि वेळ, कोडवरून स्थानक, विभाग, झोन. आठही रकाने टोपलीत आले. याचा अर्थ गाडी आणि क्रम मिळून या तक्त्यातली ओळ नेमकी ओळखता येते.

एखादा नियम इतरांतून निघतो का, हे तपासायचे तर त्याच्या डाव्या बाजूचे क्लोजर काढायचे आणि उजवी बाजू त्यात आली का ते बघायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका तपासणीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: उजवीकडे एकच

ज्या नियमाच्या उजवीकडे अनेक रकाने आहेत तो तोडून प्रत्येकाचा स्वतंत्र नियम करायचा. यात अर्थ बदलत नाही. कोडवरून तीन गोष्टी ठरतात असे म्हणणे आणि तीन वेगळ्या वाक्यांत तेच म्हणणे सारखेच. फायदा असा, की आता प्रत्येक दावा एकेकटा तपासता येतो. कदाचित जोडीतला एक फालतू असेल आणि दुसरा गरजेचा असेल. यादी दहा नियमांची होते:

```
1.  गाडी → गाडीनाव
2.  कोड → स्थानक
3.  कोड → विभाग
4.  कोड → झोन
5.  विभाग → झोन
6.  गाडी, कोड → स्थानक
7.  गाडी, कोड → क्रम
8.  गाडी, कोड → वेळ
9.  गाडी, क्रम → कोड
10. गाडी, क्रम → वेळ
```

डावी बाजू मात्र तोडायची नाही. ‘गाडी, कोड → वेळ’चे ‘गाडी → वेळ’ आणि ‘कोड → वेळ’ असे दोन तुकडे केले, तर गाडी सगळ्या थांब्यांवरून एकाच वेळी सुटते आणि एका स्थानकावरून सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटतात, असे दोन खोटे दावे तयार होतात. नवशिक्यांची ही चूक नेहमीची आहे.

दुसरी पायरी: डावीकडचे ओझे कमी करणे

आता ज्या नियमांच्या डावीकडे एकापेक्षा जास्त रकाने आहेत तेच बघायचे. प्रश्न हा, की डावीकडचा एखादा रकाना नसता तरी नियम खरा राहिला असता का? डावीकडचा एक रकाना बाजूला ठेवायचा, उरलेल्याचे क्लोजर पूर्ण यादी वापरून काढायचे आणि त्या नियमाची उजवी बाजू त्यात येते का ते बघायचे. आली, तर बाजूला ठेवलेला रकाना फालतू.

सहावा नियम घ्या: गाडी आणि कोड यांवरून स्थानकाचे नाव. गाडी बाजूला ठेवली. उरलेल्या कोडचे क्लोजर आपण काढलेच आहे: कोड, स्थानक, विभाग, झोन. स्थानक त्यात आहे. म्हणजे नाव ठरायला गाडीचा काही संबंध नव्हता. PUNE या कोडचे स्थानक पुणेच, मग तिथून कुठलीही गाडी जावो. सहावा नियम आखडून ‘कोड → स्थानक’ झाला. तो तर दुसरा नियमच, म्हणून दोनदा लिहायचे कारण नाही. यादी नऊ नियमांची झाली.

उरले 7, 8, 9 आणि 10. सातव्या आणि आठव्यात गाडी काढली तर कोडच्या क्लोजरमध्ये क्रमही नाही आणि वेळही नाही. कोड काढला तर एकट्या गाडीचे क्लोजर गाडी आणि गाडीनाव एवढेच. नवव्या-दहाव्यात क्रम काढला तर तेच उत्तर. गाडी काढली तर एकटा क्रम उरतो आणि ‘तिसरा थांबा’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. चारही नियमांची डावी बाजू जशी आहे तशी राहते.

तिसरी पायरी: अख्खा नियम काढून बघणे

आता एकेक नियम यादीतून खरोखर बाहेर काढायचा आणि उरलेल्या नियमांनी तोच निष्कर्ष निघतो का ते बघायचे. निघाला तर नियम कायमचा बाहेर. नाही निघाला तर परत यादीत. दुसऱ्या पायरीशी तुलना केली तर फरक लक्षात येईल: तिथे क्लोजर काढताना तपासायचा नियमही यादीत असतो, इथे तो वगळावाच लागतो. तो यादीत ठेवून तपासले तर प्रत्येक नियम स्वतःलाच सिद्ध करील आणि सगळेच फालतू ठरतील.

पहिला नियम काढला, तर गाडीचे क्लोजर फक्त गाडी. गाडीनाव येत नाही, म्हणून नियम गरजेचा. दुसरा काढला तर कोडवरून विभाग आणि झोन मिळतात, स्थानकाचे नाव मिळत नाही. तोही राहतो. तिसरा काढला तर विभाग कुठूनच येत नाही. तोही राहतो.

चौथ्यावर गाळणी काम करते. ‘कोड → झोन’ काढून कोडचे क्लोजर काढले: दुसऱ्याने स्थानक, तिसऱ्याने विभाग, आणि पाचव्याने विभागावरून झोन. झोन आला. चौथा नियम बाहेर. पाचवा काढून बघितला तर विभागाचे क्लोजर विभाग एवढेच राहते, म्हणून तो हवाच.

सातवा नियम, ‘गाडी, कोड → क्रम’, काढला तर गाडी आणि कोडवरून गाडीनाव, स्थानक, विभाग, झोन आणि वेळ मिळते, पण क्रम मिळत नाही. तो राहिला. आठवा, ‘गाडी, कोड → वेळ’, काढला तर? सातव्याने क्रम मिळतो. मग गाडी आणि क्रम दोन्ही टोपलीत आहेत, म्हणून दहाव्याने वेळ मिळते. आठवा बाहेर. नववा काढला तर गाडी आणि क्रमावरून गाडीनाव आणि वेळ मिळते, कोड मिळत नाही. तो राहिला. दहावा काढला, आणि इथे आठवा आधीच गेला आहे हे विसरायचे नाही, तर गाडी-क्रमावरून कोड मिळतो, कोडवरून स्थानक, विभाग, झोन मिळतात, पण वेळ कुठूनच येत नाही. दहावा राहिला.

उरले सात:

```
गाडी → गाडीनाव
कोड → स्थानक
कोड → विभाग
विभाग → झोन
गाडी, कोड → क्रम
गाडी, क्रम → कोड
गाडी, क्रम → वेळ
```

हेच मिनिमल कव्हर. मूळ यादीतून जे जे सिद्ध होत होते ते सगळे या सातांतून सिद्ध होते. यातला आणखी एकही नियम किंवा डावीकडचा एकही रकाना काढला तर काहीतरी गमावले जाते.

एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे

आठव्याच्या आधी दहावा तपासला असता तर निकाल वेगळा लागला असता. ‘गाडी, क्रम → वेळ’ काढले, तर नवव्याने कोड मिळतो आणि गाडी-कोडवरून आठव्याने वेळ मिळते. म्हणजे दहावा फालतू ठरून बाहेर गेला असता आणि मग आठवा गरजेचा ठरला असता. तेव्हाही सातच नियम उरले असते, फक्त वेळेचा नियम कोडच्या बाजूने लिहिलेला असता. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परीक्षेत दोन विद्यार्थ्यांची उत्तरे जुळली नाहीत म्हणून एक चुकलाच असे होत नाही.

खरी चूक वेगळ्या ठिकाणी होते. आठवा आणि दहावा हे दोन्ही नियम मूळ नऊच्या यादीसमोर वेगवेगळे तपासले तर दोन्ही फालतू दिसतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे. दोघांवरही खूण करून शेवटी एकदम काढून टाकले, तर सुटण्याची वेळ यादीतून पूर्ण नाहीशी होते. म्हणून नियम फालतू ठरला की तो तिथल्या तिथे यादीतून काढायचा आणि पुढची तपासणी आखूड झालेल्या यादीवर करायची.

ही चूक पकडायला एक शेवटची पडताळणी आहे. मूळ यादीतला प्रत्येक नियम घ्यायचा, त्याच्या डाव्या बाजूचे क्लोजर नव्या यादीने काढायचे आणि उजवी बाजू येते का ते बघायचे. दोन्ही वेळेचे नियम गेलेल्या यादीत गाडी आणि कोडचे क्लोजर सात रकान्यांवर थांबते. आठवा, म्हणजे वेळ, येत नाही. चूक झाली आहे हे तिथेच कळते.

पायऱ्यांची अदलाबदल का चालत नाही

आधी अख्खे नियम काढावेत आणि मग डावी बाजू आखडावी, असेही काही जण करतात. बहुतेक वेळा उत्तर तेच येते, म्हणून ही सवय पकडली जात नाही. पण रेल्वेच्याच तीन नियमांची छोटी यादी बघा. समजा कुणी सावधगिरी म्हणून विभाग ठरवायला कोडबरोबर झोनही लिहिला:

```
कोड, झोन → विभाग
विभाग → झोन
कोड → झोन
```

आधी अख्खे नियम काढून बघितले तर तिन्ही गरजेचे ठरतात. ‘कोड → झोन’ काढला तर एकट्या कोडवरून काहीच हलत नाही, कारण पहिल्या नियमाला झोनही आधीच हातात लागतो. मग डावी बाजू बघितली. कोडवरून तिसऱ्या नियमाने झोन मिळतोच, म्हणून पहिल्या नियमातला झोन फालतू. तो ‘कोड → विभाग’ झाला. याच क्षणी ‘कोड → झोन’ फालतू बनला, कारण आता विभागाच्या वाटेने झोन मिळतो. पण अख्खे नियम तपासण्याची पायरी आधीच होऊन गेली आहे. तिसरा नियम यादीत तसाच राहतो आणि त्याच्याबरोबर झोनची पुनरुक्तीही राहते. म्हणून डावी बाजू आधी आखडायची आणि अख्खा नियम नंतर तपासायचा. हा क्रम पाळावाच लागतो.

सात नियमांचे चार तक्ते

1976 मध्ये फिलिप बर्नस्टाईन यांनी अशा गाळलेल्या यादीवरून थेट तक्ते बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. ढोबळमानाने ती अशी: ज्या नियमांची डावी बाजू एक आहे त्यांचा एक तक्ता करायचा आणि ज्या डाव्या बाजू एकमेकींना ठरवतात त्यांना एकत्र आणायचे. आपल्या यादीत गाडी-कोड आणि गाडी-क्रम या जोड्या एकमेकींना ठरवतात, म्हणून त्यांचा एकच तक्ता होतो.

```
गाड्या   (गाडी, गाडीनाव)
स्थानके  (कोड, स्थानक, विभाग)
विभाग    (विभाग, झोन)
थांबे    (गाडी, क्रम, कोड, वेळ)
```

या मांडणीत 2003 ची फेरमांडणी म्हणजे ‘विभाग’ तक्त्यातल्या भोपाळ आणि जबलपूर या दोन ओळी. इटारसीला किती गाड्या थांबतात याचा त्या बदलाशी संबंध राहत नाही. 2017 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ जोडले गेले. असा बदलही ‘स्थानके’ तक्त्यातल्या एका ओळीत मावतो, कारण दुसऱ्या पायरीने स्थानकाच्या नावाची गाडीशी असलेली खोटी गाठ सोडवली होती.

पुस्तकांत या विषयाची थोडी वेगळी मांडणीही भेटते. सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकात कॅनॉनिकल कव्हर आहे. तिथे समान डाव्या बाजूचे नियम पुन्हा एकत्र लिहितात. आपले सात नियम त्या रीतीने पाच ओळींचे होतात, कारण कोडचे दोन नियम एका ओळीत येतात आणि गाडी-क्रमाचेही दोन एका ओळीत येतात. आशय तोच राहतो.

नियम कुठून आले, हे गाळणीला कळत नाही

ही रीत दिलेल्या नियमांवर डोळे झाकून विश्वास ठेवते. ‘विभाग → झोन’ हा नियम खरा आहे का? विभागाच्या रकान्यात फक्त नाव लिहिले असेल तर नाही. नागपूर नावाचे रेल्वेचे दोन विभाग आहेत. एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. फक्त मध्य रेल्वेची माहिती हाताशी असलेल्या माणसाला हा नियम प्रत्येक ओळीत पाळलेला दिसेल, आणि तरी तो खोटा असेल. मोजक्या नोंदींवरून एखादे अवलंबन नाही हे सिद्ध होते, पण ते आहे हे सिद्ध होत नाही.

नियम खोटा निघाला तर गाळणीचे उत्तरही बदलते. ‘विभाग → झोन’ यादीत नसेल, तर तिसऱ्या पायरीत ‘कोड → झोन’ला दुसरी वाट उरत नाही. तो गरजेचा ठरतो आणि झोन पुन्हा स्थानकांच्या तक्त्यात जातो. यावर उपाय तक्त्याबाहेरचा आहे: दोन्ही नागपूर विभागांना वेगवेगळे संकेत द्यायचे आणि विभागाच्या रकान्यात नावाऐवजी तो संकेत लिहायचा. मग नियम खरा होतो आणि आपले सात नियम कायम राहतात.

आकाराबद्दलही एक मर्यादा माहीत असावी. मिनिमल याचा अर्थ ‘यातून आणखी काही काढता येत नाही’ एवढाच. त्याहून लहान दुसरी यादी कुठेच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. डेव्हिड मायर यांनी 1980 मध्ये दाखवले, की नियमांची संख्या सगळ्यात कमी असलेली यादी वाजवी वेळात काढता येते. पण नियमांत लिहिलेल्या रकान्यांची एकूण संख्या सगळ्यात कमी असलेली यादी शोधणे हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे. म्हणजे प्रत्येक यादीवर झपाट्याने चालेल अशी रीत त्यासाठी कुणालाही सापडलेली नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो दोन बरोबर उत्तरांतले कोणते घ्यायचे हा. दोन्हींत सात-सात नियम आहेत आणि गणिताच्या दृष्टीने त्यांत उजवेडावे नाही. इथे सुरुवातीचे दुसरे गृहीतक कामाला येते. भारत गौरव योजनेतल्या पर्यटन गाड्या अनेकदा जिथून सुटतात तिथेच परत येऊन संपतात. अशा सहलीला एकच गाडी क्रमांक देऊन ती याच तक्त्यात नोंदवली, तर सुरुवातीचे स्थानक तिच्या यादीत दोनदा येते. मग गाडी आणि कोडवरून क्रम ठरत नाही आणि वेळही ठरत नाही. ज्याने वेळ गाडी-कोडवर टांगली होती त्याचा वेळेचा नियमच कोसळतो. ज्याने ती गाडी-क्रमावर ठेवली होती त्याला फक्त ‘गाडी, कोड → क्रम’ हा एक नियम खोडावा लागतो. उरलेले सहा तसेच खरे राहतात, आणि ‘थांबे’ तक्त्यात ओळ ओळखण्याचे काम गाडी आणि क्रम ही जोडी एकटीने करते.